‘रेकमेंडेड’मध्ये कार्ड बसतंय म्हणजे ६० फ्रेम मिळणारच ना?

शिरवळकर

मंडळी, एक सल्ला हवाय. ग्राफिक्स कार्ड घ्यायचं की नाही हे रविवारपर्यंत ठरवायचंय.

माझा पीसी असा: रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर, साधा १०८०पीचा मॉनिटर. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स घ्यायचाय, कारण बंगळुरूचा मेहुणा तो खेळतो आणि आठवड्यातून दोन रात्री आम्ही दोघं मिळून शिकार करायची असं ठरलंय. गेमच्या पानावरची यादी बघितली. मिनिममला जीटीएक्स १६६० आहे, म्हणजे मी काठावर पास. रेकमेंडेडला आरटीएक्स २०६० सुपर आहे. इथल्याच एका ओळखीच्याकडे २०६० सुपर वापरलेलं मिळतंय, तो रविवारपर्यंत थांबायला तयार आहे.

माझा हिशोब सरळ आहे. मिनिमम म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम, रेकमेंडेड म्हणजे ६०. प्रोसेसर दोन्ही याद्यांत ३६००च दिलाय, तो माझ्याकडे आहेच. मग फक्त कार्ड बदललं की ६० मिळाले. बरोबर ना?

कडक_चहा

एकदम बरोबर. हा नियमच आहे. मिनिमम = १०८०पी, लो, ३०. रेकमेंडेड = १०८०पी, हाय, ६०. डोळे झाकून घ्या आणि शिकारीला लागा.

घाटमाथा

शिरवळकर, घाई करू नका. त्या रेकमेंडेड यादीच्या अगदी तळाशी, स्टोरेजच्याही खाली, एक ओळ आहे. १०८०पी, ६० फ्रेम, मीडियम सेटिंग असं लिहून मध्येच कंसात एक अट घातलीय. ती वाचलीत का?

शिरवळकर

आत्ता वाचली. `with Frame Generation enabled` असं आहे. म्हणजे ते सेटिंग चालू ठेवायचं, इतकंच ना? ठेवीन की.

घाटमाथा

इतकंच नाही. सगळा हिशोब त्या चार शब्दांत फिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्रेम जनरेशनमध्ये कार्ड दोन खऱ्या फ्रेम काढतं आणि त्यांच्या मधली एक स्वतः तयार करून घालतं. पडद्यावर ६० दिसतात त्यातल्या ३० खऱ्या आणि ३० भरीच्या. भरीच्या फ्रेमपुरता गेमचा आतला कारभार पुढे सरकत नाही. तुम्ही बटण दाबलंत ते गेमला कळतं, तलवार फिरते, राक्षसाला लागली की नाही ते ठरतं, हे सगळं फक्त खऱ्या फ्रेममध्ये होतं. शिवाय मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम आधी तयार असावी लागते, म्हणून ती तयार असूनही क्षणभर रोखून धरतात. त्यामुळे हाताला जाणवणारा उशीर नुसत्या ३० फ्रेमपेक्षाही थोडा जास्तच होतो.

आता तुमच्या यादीतला खरा पुरावा बघा. तो तुम्हीच लिहिलाय, फक्त उलट्या बाजूने वाचलाय. प्रोसेसर दोन्ही रकान्यांत तोच आहे: आय५-१०४००, आय३-१२१०० किंवा रायझन ५ ३६००. तुम्ही म्हणता, छान, प्रोसेसर बदलायला नको. मी म्हणतो, ३० फ्रेमसाठी जो प्रोसेसर लागतो तोच ६० साठी कसा पुरतो? ६० खऱ्या फ्रेम म्हणजे प्रोसेसरला दर सेकंदाला दुप्पट काम. एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळायचे तिथे साडेसोळाच मिळतात. तोच प्रोसेसर दोन्हीकडे चालतो, कारण दोन्हीकडे त्याच्याकडून साधारण तेवढ्याच खऱ्या फ्रेमची अपेक्षा आहे. वरच्या भरीच्या फ्रेम कार्ड घालतं, प्रोसेसरला त्यांची झळ लागत नाही.

म्हणून मी कुठलीही यादी घेतली की आधी दोन रकान्यांत काय बदललंय ते बघतो आणि मग काय बदललं नाही ते बघतो. दुसरं जास्त बोलकं असतं.

शिरवळकर

अरे बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

कडक_चहा

घाटमाथा, हा एक गेम अपवाद असेल. बाकी नियम तोच आहे. गेली दहा वर्षं मी असंच बघून घेतोय, कधी फसलो नाही.

पैलतीर

कडक_चहा, अपवाद खूप आहेत हो. ॲलन वेक २ ची यादी बघा, २०२३ च्या ऑक्टोबरची. त्यात रेकमेंडेडच्या दोन ओळी आहेत. एक १४४०पीला ३० फ्रेमची, दुसरी १०८०पीला ६० फ्रेमची, आणि दोन्हींत अपस्केलिंग, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं, धरलेलं आहे. म्हणजे ‘रेकमेंडेड’ शब्दाखाली चक्क ३० लिहिलेत. याउलट डूम: द डार्क एजेसमध्ये मिनिममलाच १०८०पी लो आणि ६० दिलेत. शब्द तेच, आकडे उलटेपालटे. शब्दाला ठरलेला अर्थच नाही. दुकानाच्या पानावर दोन रिकाम्या चौकटी असतात, मिनिमम आणि रेकमेंडेड. त्यात काय भरायचं ते बनवणारा ठरवतो.

कडक_चहा

ठीक, ॲलन वेकचं माहीत नव्हतं. पण जुन्या गेमना तरी माझा नियम चालतोच. सायबरपंकला माझं १०६० रेकमेंडेडमध्ये होतं.

घाटमाथा

सायबरपंकचं उदाहरण काढलंत ते बरं झालं. २०२० साली गेम आला तेव्हाच्या यादीत जीटीएक्स १०६० ६ जीबी हे रेकमेंडेड कार्ड होतं, १०८०पी हायसाठी. फ्रेम किती ते त्या तक्त्यात कुठेच नव्हतं. जून २०२३ मध्ये त्यांनी २.० या मोठ्या अपडेटच्या आधी यादी नव्याने दिली आणि या वेळी फ्रेमचा आकडा छापला. त्यात तेच १०६० ६ जीबी मिनिममला गेलं: १०८०पी लो, ३० फ्रेम. रेकमेंडेडला १०८०पी हाय ६० साठी २०६० सुपर आलं. आणि साधी हार्ड डिस्क बाद होऊन एसएसडी सक्तीची झाली.

गेम मधल्या काळात थोडा जड झाला हे खरं. पण फक्त त्यामुळे एखादं कार्ड ‘हाय’वरून ‘लो ३०’वर घसरत नाही. पहिल्या यादीतल्या ‘हाय’ला १०६० वर ६० कधीच मिळत नव्हते. तिथे ६० असं लिहिलेलंही नव्हतं. ते आपण वाचणाऱ्यांनी मनाने भरलं. तुमच्याकडे तेव्हा किती मिळायचे, आठवतंय का?

कडक_चहा

खरं सांगू, आकडा कधी लावून बघितलाच नाही. गेम चालत होता, मला मजा येत होती. मी ‘मीडियम’ला खेळायचो हे मात्र आठवतंय.

सांगलीची_हळद

माझा अनुभव सांगते, त्यातून कोणी वाचलं तर बरं.

दीड वर्षापूर्वी लॅपटॉप घेतला. दुकानदाराने गेमची यादी मोबाइलवर उघडून दाखवली. ‘हे बघा मॅडम, मिनिममला ३०५० आहे, या लॅपटॉपमध्ये ३०५०च आहे.’ घरी आणला, गेम सुरू केला. पहिली दहा मिनिटं ठीक, आणि मग फ्रेम २० च्या आसपास घुटमळायला लागल्या. भिंतींवरची चित्रं पुसट, मग एकदम स्पष्ट, मग परत पुसट. मी दोनदा विंडोज नव्याने टाकलं. शेवटी भावाने बघितलं तेव्हा कळलं की यादीतलं ३०५० हे डेस्कटॉपचं, ८ जीबीवालं. माझ्या लॅपटॉपमधल्या ३०५०ला ४ जीबीच मेमरी. वर ते कार्ड त्या पातळ लॅपटॉपमध्ये ४० वॉटवरच चालवलेलं. नाव एक, माल वेगळा.

घाटमाथा

हळदताई, तुमच्या पोस्टमधली ती ‘पुसट, मग स्पष्ट, मग पुसट’ची खूण सगळ्यांनी लक्षात ठेवा. कार्डाची मेमरी कमी पडली की असंच होतं. सरासरी आकडा बरा दिसतो, पण मध्येच अर्धा-अर्धा सेकंद चित्र अडकतं, कारण हवं ते टेक्श्चर कार्डात मावत नाही आणि रॅममधून पुन्हा आणावं लागतं. ‘टेक्श्चर क्वालिटी’ एक पायरी खाली आणून बघा. अडकणं थांबलं तर दुखणं मेमरीचंच.

वॉटचंही बरोबर पकडलंत. लॅपटॉपचं ३०५० बनवणाऱ्याच्या मर्जीनुसार ३५ ते ८० वॉटमध्ये कुठेही बसवलेलं असतं. यादीत जी नावं असतात ती वेगळं काही लिहिलं नसेल तर डेस्कटॉपची धरायची.

मधुमालती

नमस्कार. मी इथे नेहमी वाचते, लिहीत नाही. मुलाचा (आठवीत आहे) हाच गेम घेण्याचा हट्ट चालू आहे. यादीत १६ जीबी लिहिलंय. आमच्या लॅपटॉपवर ५१२ जीबीचा स्टिकर आहे. म्हणजे भरपूर झालं ना? मग तो ‘चालणार नाही’ का म्हणतोय?

खारदांडा

मधुमालतीताई, तो ५१२ म्हणजे साठवणीची जागा, आपलं फडताळ समजा. यादीतले १६ म्हणजे रॅम, स्वयंपाकाचा ओटा. फडताळ कितीही मोठं असलं तरी पोळ्या ओट्यावरच लाटायच्या असतात. 🙂 विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सखाली ‘मेमरी’वर टिचकी मारा. वर उजवीकडे आकडा दिसेल, तो बघून सांगा. आणि त्याच यादीत डाव्या बाजूला ‘जीपीयू’ म्हणून काय नाव येतं तेही.

मधुमालती

बघते. संध्याकाळी तो क्लासला गेला की.

रानवारा

मी पुण्यात काही वर्षं गेम टेस्टिंगमध्ये होते. कंपनीचं नाव सांगत नाही, पण याद्या कशा बनतात ते जवळून बघितलंय.

आमच्या खोलीत साधारण पंधरा मशिनं होती. जगात कार्डं शेकड्यांनी, आमच्याकडे पंधरा. त्यातलं सगळ्यांत अशक्त मशीन, ज्यावर गेम सुरू होतो, कोसळत नाही आणि ठरवलेला आकडा बऱ्यापैकी धरतो, ते ‘मिनिमम’ व्हायचं. त्याच ताकदीचं दुसऱ्या कंपनीचं कार्ड शेजारी लिहायचं. ते कधी कधी आमच्याकडे नसायचंही, जवळच्या भावंडावरून अंदाज बांधलेला असायचा. म्हणून एकाच ओळीत ‘हे किंवा ते’ असं लिहिलेली दोन कार्डं खरं तर पंधरा-वीस टक्क्यांनी मागेपुढे असू शकतात.

दुसरं म्हणजे वेळ. यादी द्यायची तारीख गेम पूर्ण होण्याच्या आधीची असते. आम्ही मोजायचो तो बिल्ड अर्धाकच्चा. पुढच्या महिन्यांत काही भाग हलका होतो, काही जड होतो. त्यामुळे यादी हा काही अंशी इरादा असतो.

तिसरं म्हणजे मोजायचो कुठे? ठरलेल्या दोन-तीन जागी, ठरलेल्या वाटेने पळत. शेवटच्या लढाईत चार खेळाडू, दोन राक्षस, पाऊस आणि धूर एकदम आला की काय होतं, ते त्या आकड्यात क्वचितच असायचं.

पैलतीर

वाइल्ड्सच्या बाबतीत ‘इरादा’ बदललेला दिसतोही. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या यादीत रेकमेंडेडला २०७० सुपर किंवा ४०६० होतं आणि जागा १४० जीबी. गेम फेब्रुवारी २०२५ अखेर आला, त्या आधीच्या सुधारित यादीत २०६० सुपर आणि ७५ जीबी झाले. पण फ्रेम जनरेशनची अट दोन्ही वेळी तशीच राहिली.

निळाशार

मी वेगळं मत मांडतो. फ्रेम जनरेशनला इतकं वाईट ठरवायची गरज नाही. मी कंट्रोलरवर, सोफ्यावर बसून, टीव्हीवर खेळतो. खाली ३५-४० खऱ्या असल्या तरी वर ७० दिसतात तेव्हा कॅमेरा फिरवताना डोळ्याला गुळगुळीत वाटतं. मोठी तलवार घेऊन खेळणाऱ्याला तो उशीर जाणवतही नाही. पैसे कमी असतील तर हा चांगला मार्ग आहे.

घाटमाथा

निळाशार, डोळ्याबद्दल तुमचं मान्य. हाताबद्दल नाही. एएमडीचाच सल्ला असा आहे की त्यांचं फ्रेम जनरेशन लावायच्या आधी खऱ्या फ्रेम ६० च्या आसपास असाव्यात. २०६० सुपरवर तेच चालतं, कारण एनव्हिडियाचं स्वतःचं फ्रेम जनरेशन ४० मालिकेच्या आधीच्या कार्डांवर नाही. म्हणजे ज्याने ते तंत्र बनवलं तो म्हणतो ६० असतील तर वाढवा, आणि यादी म्हणते ३० चे ६० करा. खऱ्या फ्रेम कमी असल्या की भरीच्या फ्रेममध्ये चुकाही जास्त दिसतात. शिकाऱ्याच्या पाठीमागची शस्त्राची कड बघा, जोरात वळताना ती विरघळल्यासारखी होते.

निळाशार

मला नाही दिसत. बायकोला दिसतं, ती म्हणते डोकं दुखतं. हा माणसामाणसातला फरक आहे, यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

तळकोकणी

मला मिनिममचं विचारायचंय. माझं कार्ड १०७० आहे. ताकदीने ते १६६० च्या वरच आहे. पण काही गेम ‘मिनिमम’च्या खाली म्हणून सुरूच होत नाहीत. ताकद असून असं का?

पैलतीर

कारण काही याद्यांत मिनिमम ही ताकदीची पायरी नसते, दार असतं. ॲलन वेक २ मध्ये मेश शेडर नावाची सोय वापरलीय, ती १० मालिकेच्या कार्डांत नाहीच. म्हणून गेम आला तेव्हा १०८० टीआयसारखं दांडगं कार्डही तिथे रांगायचं. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलमध्ये रे ट्रेसिंग सक्तीचं आहे. ते हार्डवेअर नसेल तर सेटिंग कमी करूनही उपयोग नाही. यादीत सगळ्यांत खालचं कार्ड २० मालिकेचं दिसलं की मी आधी हेच तपासतो: इथे फ्रेम कमी मिळणार आहेत, की दारच बंद आहे? पहिल्या प्रकारात तडजोड करता येते, दुसऱ्यात नाही.

तळकोकणी

समजलं. मग वाइल्ड्सला माझं १०७०?

पैलतीर

ते चालवून बघण्याशिवाय मी काही सांगणार नाही. बेंचमार्क फुकट आहे, टाकून बघा.

शिरवळकर

हां, बेंचमार्कचं मी विचारणारच होतो. म्हणजे गेम न घेता मोजता येईल?

घाटमाथा

येईल. वाइल्ड्सचा बेंचमार्क स्टीमवर वेगळा आणि फुकट आहे. पण तो चालवताना तीन गोष्टी सांभाळा.

एक, पहिल्यांदा उघडल्यावर तो शेडर तयार करत बसतो. बराच वेळ लागतो, मध्ये बंद करू नका. पूर्ण गेममध्येही हेच होतं, म्हणून ‘दोन तासांच्या आत परत करता येतो’ या भरवशावर थेट गेम घेऊन मोजायला जाऊ नका. त्या दोन तासांतला वेळ नुसता वाट बघण्यात जातो.

दोन, मीडियम लावल्यावर खाली जाऊन फ्रेम जनरेशन आणि अपस्केलिंग कशावर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. प्रीसेट बदलला की आतली बटणं आपोआप हलतात. पहिली फेरी फ्रेम जनरेशन बंद ठेवूनच घ्या.

तीन, शेवटी जी सरासरी येते तिच्यावर जाऊ नका. त्या फेरीत बराचसा भाग नुसती दृश्यं आहेत, तिथे फ्रेम चढतात आणि सरासरी फुगते. खरा कस लागतो तो गवताळ माळावर, जिथे कळपच्या कळप दिसतात. तिथे कोपऱ्यातला आकडा किती होतो ते कागदावर लिहा. आफ्टरबर्नर या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये `1% Low`, म्हणजे सगळ्यांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा, चालू केलात तर आणखी चांगलं.

आणि प्रोसेसर आडवा येतोय का ते पाहायला शेवटची एक फेरी: सगळं लोएस्ट, अपस्केलिंग सगळ्यांत खालच्या पायरीवर. कार्डाचं काम कमी केलं तरी माळावरचा आकडा हलला नाही, आणि कार्डाचा वापर ९८ टक्क्यांवरून ६०-७० वर आला, तर तो आकडा तुमच्या ३६०० चा आहे. कुठलंही नवं कार्ड त्याच्या वर नेणार नाही.

शिरवळकर

करतो. कार्ड विकणाऱ्यालाही विचारतो, त्याच्या घरी जाऊन माझ्या पेन ड्राइव्हवरून चालवू देतो का ते.

मधुमालती

बघितलं. ८.० जीबी असं आहे. खाली `Slots used: 1 of 2` लिहिलंय. जीपीयूला फक्त ‘इंटेल’ आणि पुढे काहीतरी आलं, एनव्हिडिया वगैरे नाव कुठेच नाही.

खारदांडा

ताई, मग मुलगा खरं बोलतोय. रॅमसाठी एक जागा रिकामी आहे, तिथे आणखी ८ जीबीची पट्टी बसवता येईल. बाकीच्या कामांना लॅपटॉप चांगला सुटसुटीत होईल, एका ऐवजी दोन पट्ट्या असल्या की आतलं ग्राफिक्सही थोडं सुधारतं. पण हा गेम त्यावर चालायचा नाही, यादीतल्या मिनिमम कार्डापासून ते फार दूर आहे. रॅम वाढवली म्हणून गेम घेऊ नका.

मधुमालती

बरं. तो आठवडाभर हेच सांगत होता आणि मी म्हणत होते की ५१२ आहे. त्याला सांगते की त्याचं बरोबर होतं.

शिरवळकर

मंडळी, मोजून आलो. सगळं लिहितो.

आधी माझ्या घरी, १६६० सुपरवर. लोएस्ट, १०८०पी, अपस्केलिंग चालू, फ्रेम जनरेशन बंद. सरासरी ५१ आली आणि मी खूश झालो. पण माळावर आकडा ३८ वर आला. मग अपस्केलिंग सगळ्यांत खाली नेलं. माळावर ४२. कार्डाचा वापर ७० टक्क्यांच्या खाली आला. म्हणजे ४२-४३ ही माझ्या ३६०० ची हद्द.

मग शनिवारी त्या ओळखीच्याकडे गेलो. त्याच्याकडेही ३६००च निघाला, त्यामुळे तुलना सरळ झाली. २०६० सुपर, मीडियम, १०८०पी, फ्रेम जनरेशन बंद: सरासरी ४७, माळावर ३३. फ्रेम जनरेशन चालू: सरासरी ७६, माळावर ५८.

यादी खोटी नाही हो. ५८ म्हणजे ६०च झाले. पण मी त्याच्या कंट्रोलरवर सेटिंग चालू-बंद करून कॅमेरा फिरवून बघितला. डोळ्याला छान वाटलं, निळाशार म्हणतात तसंच. बटण दाबल्यावर मात्र किंचित चिकट वाटत होतं. आधी माहीत नसतं तर कदाचित मी तिकडे लक्षही दिलं नसतं.

घाटमाथा

फार नेटकं मोजलंत. आकडेही एकमेकांशी जुळतात. ३३ खऱ्या होत्या, फ्रेम जनरेशन लावल्यावर ५८, म्हणजे खऱ्या २९ राहिल्या. भरीच्या फ्रेम बनवायलाही कार्डाचा वेळ जातो, त्या चार तिथे खर्ची पडल्या.

तुमच्या ३६०० ची हद्द ४२. लोएस्टला १६६० सुपर ३८ देतंय. म्हणजे सध्याच्या कार्डावर तुम्ही प्रोसेसरच्या छताला जवळजवळ टेकलेले आहात. नव्या कार्डाने चित्र सुधारेल, लोएस्टचं मीडियम होईल. खऱ्या फ्रेम वाढणार नाहीत.

कडक_चहा

मग प्रोसेसर बदलायचा. त्याच बोर्डवर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी बसतो, फक्त बायोस अद्ययावत करावा लागतो. हे मी स्वतः केलंय, यात मी चुकत नाहीये.

घाटमाथा

हो, हे शंभर टक्के बरोबर. योग्य किमतीत मिळाला तर मीही आधी तेच करीन. मात्र मग १६६० सुपरला लोएस्टवरच राहावं लागेल. दोन्हीपैकी आधी काय, हे तुमच्या डोळ्याला जास्त हवंय की हाताला, यावर आहे.

निळाशार

मी अजूनही कार्ड म्हणेन. लोएस्टला गवत आणि सावल्या फार ओबडधोबड दिसतात.

रानवारा

शिरवळकर, एक विचारू? मेहुणा कुठलं शस्त्र वापरतो आणि तुम्ही कुठलं? तुम्ही दुहेरी तलवारी किंवा लाँग सोर्ड घेऊन ऐनवेळी चुकवण्यावर खेळणार असाल तर खऱ्या फ्रेम महत्त्वाच्या. लांबून धनुष्य-बंदूक असेल तर निळाशार यांचा मार्ग चालेल.

शिरवळकर

मेहुणा हातोडा, मी लाँग सोर्ड. म्हणजे माझी वेळ चुकली की आम्ही दोघेही गाडीतून तंबूत परत. 😄

कार्डवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला ठीक, महिनाभर तसंही कपाटातच आहे. आता प्रोसेसर शोधतो. कोणाकडे वापरलेला ५७००एक्स३डी असेल, साताऱ्यापासून पुण्यापर्यंत कुठेही, तर निरोप टाका. आणि माझा बोर्ड बी४५० आहे, बायोस आधी बदलायचा की नवा प्रोसेसर बसवल्यावर?

कडक_चहा

आधी! जुना ३६०० बसवलेला असतानाच. नंतर केलंत तर पडदा काळाच राहील.